ओफ्लॉक्सासिन चाललं नाही, इंजेक्शनच्या चौथ्या दिवशीही ताप: टायफॉइडमध्ये औषध कधी बदलायचं?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ, वय 23, वजन 58 किलो, बोरिवलीला राहतो. ताप येऊन 12 दिवस झाले. चौथ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांनी विडाल बघून सेफिक्झिम 200 आणि ओफ्लॉक्सासिन 200 ची एकत्र गोळी दिवसातून दोनदा दिली. पाच दिवस घेऊनही काही फरक नाही. मग ब्लड कल्चर केलं आणि ॲडमिट करून सेफ्ट्रायॅक्सोन 1 ग्रॅम सकाळ-संध्याकाळ सुरू केलं. आज इंजेक्शनचा चौथा दिवस, तरी रात्री ताप 102.5 जातोच. कल्चरमध्ये साल्मोनेला टायफी आलाय. सिप्रोफ्लॉक्सासिन आर, म्हणजे लागू न पडणारं; सेफ्ट्रायॅक्सोन, सेफिक्झिम, ॲझिथ्रोमायसिन, को-ट्रायमॉक्साझोल, अमिकासिन सगळे एस, म्हणजे लागू पडणारे. एक नातेवाईक म्हणतात लगेच मेरोपेनेम लावा, दुसरे म्हणतात अमिकासिन जोडा. औषध बदलावं का? आणि आधीच्या गोळीत सेफिक्झिम होतं, ते एस असूनही का चाललं नाही?

उत्तर:

आज बदलू नका. तुम्ही दिलेल्या माहितीत औषध फसल्याची एकही खूण मला दिसत नाही. 2 ग्रॅम रोज हा डोस बरोबर आहे, जंतू त्या औषधाला बधतो असं कल्चर सांगतंय, आणि चौथ्या रात्री 102.5 ताप असणं हे सेफ्ट्रायॅक्सोनवर असलेल्या टायफॉइडच्या पेशंटचं अगदी नेहमीचं चित्र आहे. शेवटचा शब्द अर्थातच रोज त्याच्या पोटावर हात ठेवून बघणाऱ्या डॉक्टरांचा. पण तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

त्या एकत्र गोळीत दोन औषधं होती आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी वाया गेली. ओफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनचंच भावंड. जंतूच्या ज्या एन्झाइमवर ही औषधं हल्ला करतात, त्याच्या जनुकात एका जागी बदल झाला की औषधाची पकड सैल होते. आणखी दोन जागी बदल झाले की पकड सुटतेच. आपल्याकडे मिळणाऱ्या टायफीच्या बहुतेक सगळ्या नमुन्यांत यातला निदान पहिला बदल झालेला असतो. मुंबईत जुलाब लागले की केमिस्टकडून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी आणून चार गोळ्या खायच्या आणि उरलेल्या फ्रिजवर ठेवून द्यायच्या, हे घरोघरी चालतं. अशा शहरात याहून वेगळं काय होणार! त्यामुळे कल्चर हातात नसताना टायफॉइडला सिप्रो, ओफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन सुरू करणं मी केव्हाच सोडलं. डोस वाढवूनही उपयोग होत नाही.

मग उरलं सेफिक्झिम. ते कागदावर एस आहे, पण गोळीत ते किती होतं ते बघा. टायफॉइडसाठी सेफिक्झिमचा डोस दर किलोला रोज 20 मिलिग्रॅमच्या आसपास धरतात. 58 किलोला तो 1160 मिलिग्रॅम येतो. मोठ्या माणसाला एवढं कोणी देत नाही, पण 400 मिलिग्रॅम दोनदा, म्हणजे रोज 800, एवढं तरी हवंच. तुमच्या भावाला मिळाले 400. 'दोन-दोन औषधं आहेत, म्हणजे जोरदार' असं त्या पट्टीकडे बघून वाटतं. प्रत्यक्षात एक औषध निकामी आणि दुसरं अर्ध्या डोसात. मुंबईत माझ्याकडे येणारा फसलेला टायफॉइड बहुतेक वेळा याच दाराने येतो.

पूर्ण डोसातही सेफिक्झिमवर माझा फार भरवसा नाही. त्याचा निम्म्याहून कमी भाग आतड्यातून रक्तात जातो. नेपाळमध्ये पाटणच्या रुग्णालयात झालेली एक चाचणी 2007 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 20 मिलिग्रॅमच्या पूर्ण डोसाने सेफिक्झिम घेतलेल्या दर तीन पेशंटांपैकी एकाहून जास्त जणांमध्ये उपचार फसला होता. तिथले जंतू सेफिक्झिमला बधणारेच होते. म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीत एस येणं आणि माणसाच्या अंगातला ताप उतरणं, यात बरंच अंतर आहे.

हेच तुमच्या अमिकासिनलाही लागू. ते एस दिसतंय म्हणून जोडायची कल्पना सुचते आणि ती दरवर्षी कोणाला तरी सुचतेच. टायफीचा जंतू रक्तात मोकळा फिरतो तो अगदी थोडा. त्याचं खरं घर यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या गाठींमध्ये, तिथल्या पांढऱ्या पेशींच्या आत असतं. अमिकासिन आणि जेंटामायसिन या पेशींच्या आत नीट काम करत नाहीत. बशीत पेशी नसतात, म्हणून तिथे ते जंतूला मारतात. पेशंटमध्ये मारत नाहीत. साल्मोनेलाच्या रिपोर्टवर ही औषधं एस म्हणून छापूच नयेत असा प्रयोगशाळांसाठीचा नियम आहे. तरी कितीतरी लॅब छापतात. कारण मशीनमधून यादी जशी येते तशी ती पुढे जाते. अमिकासिनने भावाचा ताप उतरणार नाही. मूत्रपिंड आणि कानाला मात्र धोका होऊ शकतो.

रिपोर्टवरची आणखी एक फसवी जागा सांगून ठेवतो. तुमच्याकडे सिप्रोसमोर स्पष्ट आर आलाय, हे बरंच झालं. पुष्कळ रिपोर्टांवर तिथे 'आय', म्हणजे मधला निकाल, येतो आणि लोक त्याचा अर्थ 'थोडं थोडं चालेल' असा लावतात. टायफीसाठी सिप्रोची सीमारेषा 2012 मध्ये बदलली. आधी बशीत ठेवलेल्या औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेलं 21 मिलिमीटरचं वर्तुळ दिसलं की एस म्हणत; आता 31 लागतं. 24 मिलिमीटर आलेला जंतू पूर्वी एस ठरला असता, आज आय ठरतो. त्या जुन्या एस वर विसंबून दिलेलं सिप्रो पेशंटमध्ये वारंवार फसत होतं, म्हणून तर ही रेषा वर सरकवावी लागली. टायफॉइडमध्ये सिप्रोसमोरचा आय मी आर सारखाच वाचतो.

आता तापाकडे वळू. वरच्या 'पेशींच्या आत'मध्येच त्याचंही उत्तर आहे. सेफ्ट्रायॅक्सोन रक्तात भरपूर साठतं, पण पांढऱ्या पेशींच्या आत फारसं शिरत नाही. ते बाहेर पडणाऱ्या जंतूंना टिपत राहतं आणि आतला साठा हळूहळू रिकामा होतो. म्हणून जंतू पूर्ण बधणारा असला तरी ताप उतरायला साधारण 5 ते 7 दिवस लागतात, कधी आठवाही उजाडतो. सिप्रो चालत होतं त्या काळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेशंट घाम येऊन मोकळा व्हायचा. घरच्यांच्या, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांच्याही, मनातलं घड्याळ अजून त्या काळावरच लागलेलं आहे. औषध बदललं, पण घड्याळ बदललं नाही.

मीही त्यात होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात काम करताना एका तरुण मुलीला चौथ्या दिवशी ताप राहिला म्हणून मी सेफ्ट्रायॅक्सोन थांबवून दुसरं औषध लावलं. सहाव्या दिवशी ताप उतरला आणि मी स्वतःवर खूश झालो. पुढे असे दहा-वीस पेशंट झाल्यावर लक्षात आलं, की ताप पहिल्या औषधानेच उतरत होता आणि श्रेय मी दुसऱ्याला देत होतो. मेरोपेनेमबद्दलची कितीतरी 'चमत्कार' प्रकरणं याच जातीची असतात: पाचव्या दिवशी लावलं, सातव्या दिवशी ताप गेला.

एक पेशंट दिवसवार सांगतो, म्हणजे वाट बघताना नेमकं काय बघायचं ते कळेल. भांडुपचा 27 वर्षांचा, पार्सल पोचवणारा मुलगा, वजन 62 किलो. जुलै महिना. सात दिवसांचा ताप, डोकं दुखणं, जिभेवर पांढरा थर, प्लीहेचं टोक बोटाला लागत होतं. दोन दिवस उलट्या. पांढऱ्या पेशी 4200, त्यांचाच एक प्रकार असलेले इओसिनोफिल शून्य, प्लेटलेट 1 लाख 30 हजार, यकृताचं एसजीपीटी 96. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे आकडे डेंग्यूचेही असू शकतात आणि मलेरियाचेही. म्हणून मलेरियाची स्लाइड आणि अँटिजेन, डेंग्यूच्या तपासण्या आधी केल्या, सगळं निगेटिव्ह. मग दोन हातांतून दोन बाटल्यांत प्रत्येकी 10 मिलिलिटर रक्त घेऊन कल्चर पाठवलं. एवढं रक्त कशाला, असं त्याच्या वडिलांनी विचारलंच. टायफॉइडमध्ये एका मिलिलिटर रक्तात बऱ्याचदा एखादाच जंतू असतो, कधी तोही नसतो. 3 मिलिलिटर घेऊन कल्चर निगेटिव्ह आलं, तर त्याला फारसा अर्थ राहत नाही. विडाल मी केलीच नाही. मुंबईसारख्या ठिकाणी पूर्वीच्या संसर्गाच्या आणि इतर तापांच्या जोरावर ती कोणाचीही 1:160, म्हणजे पॉझिटिव्ह, येते, आणि कुठलं औषध चालेल हे तर ती कधीच सांगत नाही.

उलट्यांमुळे गोळी पोटात राहणार नव्हती, म्हणून सेफ्ट्रायॅक्सोन 2 ग्रॅम दिवसातून एकदा, शिरेतून अर्ध्या तासात. पहिल्या दिवशी सर्वांत जास्त ताप 103.8, दुसऱ्या दिवशी 103.6, तिसऱ्या दिवशी 103. त्याच दिवशी लॅबचा फोन आला की बाटलीत वाढ दिसतेय. चौथ्या रात्री ताप पुन्हा 103.2. वडील वॉर्डात आले, 'साहेब, औषध लागू होत नाही, मोठं काहीतरी द्या' म्हणून. मी त्यांना चार्ट दाखवला. पहिल्या दिवशी ताप 24 तासांत एकदाही 101 च्या खाली आलेला नव्हता. चौथ्या दिवशी तो पहाटे 99.6 होता आणि दुपारी तीनपर्यंत 100 च्या आतच राहिला होता. पॅरासिटामॉल पहिल्या दिवशी चारदा लागलं होतं, चौथ्या दिवशी दोनदा. मुलाने सकाळी स्वतःहून पेज मागून घेतली होती. पोट मऊ, नाडी 88. शिखर तेवढंच उंच दिसत होतं, पण दरी खोल होत चालली होती. पाचव्या दिवशी कल्चरचा पूर्ण रिपोर्ट आला, तुमच्या भावासारखाच. त्या दिवशीचा कमाल ताप 101.8, सहाव्या दिवशी 100.4, सातव्या दिवशी 99. आठव्या दिवशी तो घरी गेला.

तेव्हा भावाच्या चार्टवर फक्त 'रात्री 102.5' हा एकच आकडा बघू नका. दर सहा तासांनी, पॅरासिटामॉल देण्याच्या आधी ताप मोजा आणि लिहा. दिवसातला सर्वांत कमी ताप किती, दोन चढांमधलं अंतर वाढतंय का, खाणं मागतोय का, हे त्यातून दिसेल. रक्ताची तपासणी पुन्हा होईल तेव्हा इओसिनोफिल शून्यावरून एक-दोन टक्क्यांवर आले का, तेही विचारा. ते परतायला लागले की पेशंट वळणावर आलाय, असा माझा अनुभव आहे. पाठ्यपुस्तकापेक्षा माझ्या आधीच्या पिढीच्या डॉक्टरांकडून मी हे शिकलो. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल वापरा; मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफेनॅक नको, कारण आतड्यातल्या जखमांतून रक्तस्राव व्हायची भीती असते.

खरोखर कधी काळजी करायची? पूर्ण डोसाचे सात दिवस होऊनही तापाचा आलेख खाली वळला नाही, तर थांबून विचार करायचा. तेव्हाही पहिला हात औषधाकडे जाऊ नये. मी आधी सलाईनची सुई टोचलेली जागा बघतो. तिथली शीर सुजून येणारा ताप मी अनेकदा 'टायफॉइड उतरत नाही' या नावाखाली पाहिलाय. मग मलेरियाची स्लाइड पुन्हा, कारण मुंबईत दोन्ही एकत्र असू शकतात. पोटाची सोनोग्राफी, यकृतात किंवा प्लीहेत पू साठलाय का ते बघायला. कल्चर पुन्हा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्हींचे आकडे कोसळत असतील आणि रक्तातलं फेरिटिन प्रचंड वाढलं असेल, तर शरीराची प्रतिकारयंत्रणाच भडकलेली असते; तिथे औषध बदलून भागत नाही, वेगळे उपचार लागतात. या सगळ्यानंतर जंतूच्या प्रतिकाराचा प्रश्न.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्यात दिवस मोजत बसायचं नाही. पोटात एकाएकी जोरात दुखणं किंवा पोट फुगून कडक होणं, काळी किंवा रक्ताची शौच, ताप अचानक पडून नाडी मात्र वाढणं, बडबडणं किंवा गुंगी. आजाराच्या तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडण्याचा धोका सर्वांत जास्त, आणि तुमचा भाऊ आता त्याच्या उंबरठ्याशी आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी अशा वेळी सर्जनला बोलवायला सांगा. अशा पोटात नुसतं अँटिबायोटिक बदलून काही साधत नाही.

मेरोपेनेमची चर्चा तुमच्या घरात का आली, ते मी समजू शकतो. 2016 पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात, हैदराबाद शहरातून, सेफ्ट्रायॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. त्या जंतूने दुसऱ्या जंतूकडून एक प्लाझ्मिड, म्हणजे जनुकांचा सुटा तुकडा, उचललं होतं, ज्यात सेफ्ट्रायॅक्सोन फोडणारं एन्झाइम बनवायची कृती असते. तशा जंतूवर गोळ्यांमध्ये ॲझिथ्रोमायसिन आणि शिरेतून मेरोपेनेम, एवढंच भरवशाचं उरतं. सेफ्ट्रायॅक्सोनला न बधणारे काही नमुने आपल्याकडे, मुंबईत आणि गुजरातमध्येही, सापडले आहेत. त्यामुळे हा विचार डोक्यात ठेवणं चूक नाही. पण तो विचार रिपोर्टच्या त्या ओळीपाशी संपतो: भावाच्या जंतूपुढे सेफ्ट्रायॅक्सोन एस आहे. तिथे आर असता, किंवा पेशंट खूप आजारी असून तिकडून प्रवास करून आला असता, तर मीच 1 ग्रॅम आठ-आठ तासांनी मेरोपेनेम लावलं असतं. एस असताना ते लावलं तर ताप लवकर उतरेल याचा भरवसा नाही. वॉर्डातल्या इतर जंतूंना मात्र आपण ते औषध ओळखायला शिकवतो.

मग गोळीत काय उरलं, हा खरा मुद्दा. ज्याला उलट्या नाहीत, जो खातोय, शुद्धीत आहे, ज्याचं पोट मऊ आहे, अशा पेशंटला मी आज मुंबईत ॲझिथ्रोमायसिन देतो. ते सेफ्ट्रायॅक्सोनच्या बरोबर उलट स्वभावाचं आहे: रक्तात थोडंच राहतं, पेशींच्या आत मात्र ढिगाने साठतं, म्हणजे जंतूच्या घरातच शिरतं. डोस दर किलोला रोज 20 मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त 1 ग्रॅम, सात दिवस. घसा दुखला की 500 मिलिग्रॅम तीन दिवस घेतात, तो डोस इथे अपुरा आहे. तीन गोळ्यांचं पाकीट संपलं म्हणजे टायफॉइडचा कोर्स संपला, असं समजणारे पेशंट मला दरवर्षी भेटतात. याने ताप साधारण चार ते सहा दिवसांत उतरतो आणि नंतर ताप उलटून परत येण्याचं प्रमाण कमी आहे.

तुमच्या भावालाही, फॅमिली डॉक्टरांकडे गेला तेव्हा उलट्या नसतील तर, त्या एकत्र गोळीऐवजी कल्चरचं रक्त काढून घेऊन हेच देता आलं असतं. याच्याही मर्यादा आहेत. बशीत ॲझिथ्रोमायसिनच्या वर्तुळाची कड पुसट येते, त्यामुळे सीमेवरचा जंतू एका लॅबमध्ये एस आणि दुसरीत आर ठरू शकतो. चकतीवर 13 मिलिमीटरच्या आसपास आकडा असेल तर एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं तो आकडा, काढून मागा. तो 16 किंवा त्याखाली असावा. या औषधाला न बधणारे जंतू बांगलादेशात आणि तुरळक प्रमाणात भारतातही सापडले आहेत. आणि हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. उलटीसाठी दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉनही तेच करतं. दोन्ही सोबत असतील किंवा हृदयाचा काही त्रास आधीपासून असेल, तर ईसीजी काढून घेतलेला बरा.

सेफ्ट्रायॅक्सोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधं पहिल्या दिवसापासून एकत्र द्यावीत का, एक पेशीच्या बाहेर आणि एक आत? तर्क आकर्षक आहे आणि मुंबईत बरेच सहकारी तसं करतात. मी साध्या टायफॉइडमध्ये करत नाही. बधणाऱ्या जंतूवर पूर्ण डोसातलं एक औषध पुरतं, आणि दोन सुरू केली की पुरळ किंवा जुलाब कशाने आले ते कळत नाही.

को-ट्रायमॉक्साझोलकडे मात्र तुमच्या रिपोर्टवर कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. 1990 च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन आणि को-ट्रायमॉक्साझोल ही तिन्ही औषधं एकाच वेळी हातची गेली होती, म्हणूनच तर सगळे सिप्रोकडे वळले. टायफॉइडसाठी त्यांचा वापर थांबला आणि आता आपल्याकडच्या बहुतेक नमुन्यांत ती पुन्हा एस दिसतात. ॲझिथ्रोमायसिन सहन होत नसेल आणि सल्फाची ॲलर्जी नसेल, तर को-ट्रायमॉक्साझोलची 160/800 ची गोळी दिवसातून दोनदा 14 दिवस हा खरा, स्वस्त पर्याय आहे. पण फक्त कल्चरमध्ये एस आल्यावरच, अंदाजाने नाही. क्लोरॅम्फेनिकॉलकडे मी परत गेलेलो नाही. ते दिवसातून चारदा घ्यावं लागतं, नंतर ताप उलटण्याचं प्रमाण जास्त, आणि क्वचित का होईना, ते अस्थिमज्जा कायमची बंद पाडू शकतं.

आता भावाचा पुढचा रस्ता. सेफ्ट्रायॅक्सोन आहे तसंच चालू राहू द्या. 2 ग्रॅम एकदम दिवसातून एकदा दिलं तरी चालतं. तो नीट खायला लागला की डॉक्टरांना तसं विचारा, म्हणजे रोज एकदा येऊन इंजेक्शन घेऊन घरी जाता येईल. त्याच सुईतून त्याच वेळी रिंगर लॅक्टेट चालू नसावं, कारण त्यातल्या कॅल्शियमशी हे औषध मिळून साका बनतो. पुढच्या सोनोग्राफीत पित्ताशयात गाळ दिसला तर घाबरू नका. तो बहुधा याच औषधाचा असतो आणि ते बंद झाल्यावर जातो. ताप पूर्ण उतरल्यावर दोन मार्ग आहेत: इंजेक्शनचे एकूण 10 ते 14 दिवस पूर्ण करणं, किंवा निदान सात दिवस झाल्यावर गोळीवर येणं. भांडुपच्या त्या मुलाला मी आठव्या दिवसापासून ॲझिथ्रोमायसिन दिलं, पहिल्या दिवशी 1 ग्रॅम आणि मग रोज 500 मिलिग्रॅम, एकूण सात दिवस. अर्धा साठा इंजेक्शनने रिकामा झालेला असल्यामुळे तिथे पूर्ण 1 ग्रॅम रोज द्यायची मला गरज वाटली नाही. सेफिक्झिमवर उतरवायचं ठरलं तर निदान 400 दोनदा असल्याची खात्री करा. डिस्चार्जच्या कागदावर पुन्हा 200 दोनदा लिहिलं जाणं अगदी शक्य आहे.

खाण्याबद्दल सगळे विचारतील: लंघन नको. मऊ भात, वरण, ताजं घरचं दही, उकडलेलं अंडं, जे पचेल ते थोडं थोडं द्या. 12 दिवस तापात जळलेल्या मुलाला उपाशी ठेवून काही मिळत नाही.

घरी आल्यावर पहिले तीन आठवडे थर्मामीटर हाताशी ठेवा. सेफ्ट्रायॅक्सोननंतर 5 ते 10 टक्के जणांना ताप उलटतो, बहुतेकदा बरं वाटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि पहिल्यापेक्षा सौम्य. तसं झालं तर गोळी सुरू करण्याआधी पुन्हा कल्चर करा. उलटलेला जंतू जवळपास नेहमी तोच, त्याच संवेदनशीलतेचा असतो; तो पेशींच्या आत उरलेला असतो, औषधाला सरावलेला नसतो. म्हणून अशा वेळी मी वेगळं काही शोधत नाही, ॲझिथ्रोमायसिन पूर्ण डोसात, 1 ग्रॅम रोज सात दिवस देतो.